बगदादची रुजवात: अब्बासी काळात जुनं शास्त्र कसं जपलं गेलं आणि कसं वाढलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जमिनीच्या जुन्या कागदाची नक्कल काढली, की तिच्या तळाशी दोन सह्या दिसतात. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. पहिला उतरवून काढतो, दुसरा ती प्रत मुळाशी ताडून पाहतो. बगदादच्या विद्वानांबद्दल लोक विचारतात तेव्हा बहुतेक प्रश्न पहिल्या सहीबद्दलचे असतात: त्यांनी काय काय उतरवून घेतलं? मला मात्र त्यांच्या कामाचा जीव दुसऱ्या सहीत दिसतो. खालची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या.

हे नेमकं कोणत्या साम्राज्याबद्दल आणि कोणत्या काळाबद्दल आहे?

अब्बासी खिलाफतीबद्दल. खलिफा अल्-मन्सूरनं 762 मध्ये तैग्रिस नदीकाठी बगदाद वसवायला घेतलं, तेव्हापासून साधारण दहाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. या विद्वानांना सरसकट 'अरब' म्हणणं बरोबर नाही. त्यांत इराणी होते, सीरियाक बोलणारे ख्रिस्ती होते, हर्रान गावचे ग्रह-तारे पूजणारे साबी होते, भारतातून आलेले वैद्यही होते. लिहिण्याची भाषा मात्र सगळ्यांची हळूहळू अरबी झाली.

पुस्तकं बगदादला आली कुठून?

तीन वाटांनी. ग्रीक ग्रंथ बायझंटाइन राज्यातून, अलेक्झांड्रियातून आणि सीरियातल्या मठांतून आले. त्यातले बरेच आधीच सीरियाक भाषेत उतरलेले होते. इराणी ग्रंथ ससानी दरबाराच्या परंपरेतून आले. याच भागातल्या जुंदीशापूरहून 765 मध्ये जुर्जिस नावाच्या वैद्याला अल्-मन्सूरच्या दुखण्यासाठी बोलावून घेतलं, आणि त्याचं घराणं पुढे पिढ्यान्‌पिढ्या दरबारी वैद्यकी करत राहिलं. तिसरी वाट भारताची.

या तिन्हींना सोयीचं ठरलं ते कागदाचं आगमन. समरकंदकडून आलेला हा माल आठव्या शतकाच्या शेवटी खुद्द बगदादमध्ये तयार होऊ लागला. चर्मपत्रापेक्षा तो स्वस्त पडे, म्हणून एकाच ग्रंथाच्या चार प्रती करून ठेवणं परवडू लागलं. रुजवात घ्यायची तर मुळात एकाहून जास्त प्रती हाताशी लागतात.

भारतातून काय गेलं?

मुख्यतः ज्योतिष-गणित आणि वैद्यक. 770 च्या दशकाच्या सुरुवातीला सिंधकडून एक शिष्टमंडळ अल्-मन्सूरच्या दरबारात गेलं. त्यात ग्रहगणित जाणणारा एक भारतीय पंडित होता आणि त्याच्याजवळ एक सिद्धान्तग्रंथ होता. त्याचं गणित ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतलं होतं, म्हणजे भिनमाळला 628 मध्ये लिहिल्या गेलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'च्या घराण्यातलं. अल्-फजारी या ज्योतिषानं त्यावरून अरबीत ग्रहसारण्या रचल्या. 'सिद्धान्त' शब्दाचं तिकडे 'सिंदहिंद' झालं.

वैद्यकाच्या मागे बर्मकी घराणं उभं होतं. हे मूळचे बल्खचे, आणि त्यांचे पूर्वज तिथल्या 'नवबहार'चे, म्हणजे बौद्ध नवविहाराचे प्रमुख होते. भारतीय विद्येची ओढ त्यांच्या घरातच होती. हारून अल्-रशीदचा वजीर याह्या बर्मकी यानं सुश्रुतसंहितेचं अरबी भाषांतर करवून घेतलं, ते मंका नावाच्या भारतीय वैद्याकडून. चरकसंहिता आधी फारसीत गेली होती, तिथून ती अरबीत आली. वाग्भटाचं 'अष्टांगहृदय'ही त्याच यादीत सापडतं. ही यादी आपल्याला मिळते ती इब्न अल्-नदीम या बगदादच्या ग्रंथविक्रेत्यामुळे. त्यानं दहाव्या शतकाच्या अखेरीस अरबीतल्या झाडून सगळ्या पुस्तकांची सूची लिहून ठेवली.

शाळेतला 'साइन' हा शब्द संस्कृत आहे, हे खरं का?

शब्द संस्कृत नाही, पण तो संस्कृत शब्दाच्या चुकीच्या वाचनातून आला आहे. भाषांतरात काय बिघडू शकतं हे त्यावरून फार स्वच्छ दिसतं.

ग्रीक ज्योतिषी टॉलेमी वर्तुळातली पूर्ण जीवा मोजायचा, म्हणजे धनुष्याची अख्खी दोरी. भारतीय गणितींनी अर्धी जीवा घेतली. सोय अशी, की अर्धी जीवा, त्रिज्या आणि उरलेली बाजू मिळून सरळ काटकोन त्रिकोण होतो. दरवेळी कोन दुप्पट करा, मग उत्तर निम्मं करा, ही कटकट उरत नाही. बगदादनं दोन्ही पद्धती पाहिल्या आणि भारतीय उचलली. शब्द 'जीवा' होता, त्याचं अरबीत ध्वनीनुसार 'जीबा' केलं. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात आणि अपरिचित शब्द वाचताना लोक ओळखीचा शब्द शोधतात. तीच अक्षरं 'जैब' अशी वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याची घडी, छातीजवळचा खोलगट भाग. हिंदीतला 'जेब' तोच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी इमानदारीनं त्याचा अर्थ दिला, 'सायनस', म्हणजे घडी किंवा खोलगट वळण. धनुष्याची दोरी अशी खिशात गेली.

याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवून पाहा. डोळ्याच्या आतल्या पडद्याला ग्रीकांनी मासे धरायच्या जाळ्यासारखा पडदा म्हटलं होतं. अरबी वैद्यांनी ध्वनी न उचलता अर्थ उचलला आणि जाळं म्हणजे 'शबका' यावरून शब्द केला. लॅटिनमध्येही जाळ्यावरूनच 'रेटिना' झालं. भाषा दोनदा बदलूनही जाळं जाळंच राहिलं. अर्थ उचलणाऱ्या या पंथाचा मोठा माणूस म्हणजे हुनैन.

हुनैन इब्न इसहाक भाषांतर नेमकं कसं करायचा?

हुनैन नवव्या शतकातला, इराकमधल्या हीरा गावचा ख्रिस्ती. त्याच्या कामाची पद्धत आपल्याला तपशिलात ठाऊक आहे, कारण त्यानं स्वतःच एका मित्राला लांबलचक पत्र लिहून ग्रीक वैद्य गेलनच्या 129 ग्रंथांचा हिशेब दिला आहे. कोणतं पुस्तक कुणी, कोणासाठी, कशा प्रतीवरून उतरवलं आणि ते कितपत जमलं, सगळं त्यात आहे. मला ते पत्र एखाद्या काटेकोर माणसाच्या दप्तरासारखं वाटतं.

त्यातली एक नोंद बघा. वैद्यकातल्या वेगवेगळ्या पंथांवरचं गेलनचं एक छोटं पुस्तक त्यानं वयाच्या विशीत सीरियाकमध्ये उतरवलं. हाताशी एकच ग्रीक प्रत होती आणि तीही चुकांनी भरलेली. पुढे चाळिशीच्या सुमारास त्याचा शिष्य हुबैश म्हणाला, हे भाषांतर एकदा दुरुस्त करून द्या. तोवर हुनैनजवळ त्याच पुस्तकाच्या बऱ्याच ग्रीक प्रती जमल्या होत्या. त्यानं आधी भाषांतराला हातच लावला नाही. त्या सगळ्या प्रती एकमेकींशी ताडून त्यानं एक शुद्ध ग्रीक प्रत तयार केली. मग ती समोर ठेवून आपलं जुनं सीरियाक भाषांतर ओळीओळीनं तपासलं आणि सुधारलं. अशीच आपली पद्धत आहे, असं तो तिथंच सांगतो. नंतर त्याच पुस्तकाचा अरबी अवतारही त्यानं केला.

या क्रमाला फार महत्त्व आहे. प्रत हातानं उतरवणारा एखादी ओळ गाळतो, कधी वरची ओळ पुन्हा लिहितो, कधी औषधाच्या मापाचं चिन्हच चुकवतो. भाषांतरकाराजवळ ती एकच प्रत असेल तर चूक लेखकाची की नकलाकाराची, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो, आणि मग तो अर्थ बसवायला म्हणून स्वतःची भर घालतो. तीन प्रती असल्या आणि दोघींत ओळ आहे, तिसरीत नाही, तर गळती लगेच दिसते.

भाषांतराचीही त्याची तऱ्हा वेगळी होती. आधीचे काही जण ग्रीक शब्दासमोर अरबी शब्द ठेवत पुढे सरकायचे. ग्रीकची वाक्यरचना अरबीला मानवत नाही, आणि प्रत्येक शब्दाला जोडीदार मिळतोच असंही नाही. हुनैन संपूर्ण वाक्य वाचायचा, अर्थ मनात धरायचा आणि त्या अर्थाचं अरबी वाक्य लिहायचा.

याला पैसा कोण पुरवायचं?

खलिफा तर होतेच, पण वजीर, दरबारी वैद्य आणि श्रीमंत विद्वानही खिशातून खर्च करत. बनू मूसा या तीन गणिती भावांची गोष्ट प्रसिद्ध आहे. हुनैन, हुबैश आणि हर्रानचा गणिती साबित इब्न कुर्रा यांच्यासारख्यांना पूर्णवेळ भाषांतरासाठी ते महिन्याला सुमारे 500 दीनार देत, असं जुन्या नोंदी सांगतात. सोन्याच्या नाण्यांतली ही मोठी रक्कम होती. भाषांतर हा तेव्हा प्रतिष्ठेचा, चांगला पगार देणारा धंदा होता.

वेगवेगळ्या देशांची पुस्तकं एकमेकांशी जुळली नाहीत, तेव्हा काय केलं?

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सूर्याचा वार्षिक मार्ग विषुववृत्ताशी किती कलतो, हा आकडा ग्रहगणितात पावलोपावली लागतो. दिवसाची लांबी, सावली, ग्रहण, सगळीकडे. बगदादच्या ज्योतिषाच्या मेजावर याची दोन उत्तरं होती. भारतीय सिद्धान्त म्हणत 24 अंश. टॉलेमी म्हणे जवळजवळ 23 अंश 51 कला. एका अंशात 60 कला, म्हणजे फरक 9 कलांचा. दोन्ही ग्रंथ थोरांचे. मग खरं कुणाचं धरायचं?

खलिफा अल्-मामूनच्या काळात, 828-829 मध्ये बगदादच्या शम्मासिया भागात आणि 831-832 मध्ये दमास्कसजवळच्या कासियून डोंगरावर, मुद्दाम निरीक्षणं मांडली गेली. रीत अवघड नाही. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजा. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी पुन्हा तसंच मोजा. दोन्हींतला फरक काढून निम्मा करा, तोच कल. आपण हिशेब करून पाहू. बगदादचे अक्षांश सुमारे 33 अंश 20 कला. कल 23 अंश 33 कला असेल, तर उन्हाळ्यात सूर्याची उंची 80 अंश 13 कला यायला हवी आणि हिवाळ्यात 33 अंश 7 कला. फरक 47 अंश 6 कला, निम्मा 23 अंश 33 कला. बगदादच्या निरीक्षकांनी काढलेला आकडा हाच: 23 अंश 33 कला. तो भारतीय ग्रंथाचा नव्हता आणि ग्रीकही नव्हता.

या रीतीची एक खुबी आहे. फरक घेतल्यामुळे स्वतःच्या गावचे अक्षांश माहीत असायची गरज पडत नाही, आणि उपकरणाचा शून्य थोडा सरकलेला असेल तर तीही चूक वजाबाकीत निघून जाते. जी चूक दोन्ही दिवशी सारखी नसते ती मात्र राहते. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा हवेतून येताना किरण जास्त वाकतात आणि सूर्य आहे त्यापेक्षा किंचित वर दिसतो. हिवाळ्याची उंची फुगली की फरक आकसतो आणि कल थोडा कमी येतो. आजच्या गणितानं मागे जाऊन पाहिलं तर त्या काळचा खरा कल 23 अंश 35 ते 36 कलांच्या दरम्यान होता. म्हणजे बगदादची चूक दोन-तीन कलांची. टॉलेमीचा आकडा त्याच्या स्वतःच्या काळासाठीही दहाएक कलांनी जास्त होता. पुढे अल्-बत्तानीनं फुरात नदीकाठच्या रक्का गावी 877 पासून चाळीस वर्षं आकाश पाहिलं आणि 23 अंश 35 कला लिहून ठेवले. हातानं बनवलेल्या, दुर्बीण नसलेल्या उपकरणांवर हे साधलं होतं!

पण आकडा सुधारला म्हणून अर्थ बरोबर लागला, असं झालं नाही. कल खरोखरच हळूहळू कमी होतो आहे, की टॉलेमीचं माप चुकलं होतं, हे त्यांना ठरवता येईना. (दोन्ही खरं होतं.) काहींनी टॉलेमीचं मापही अचूक मानलं आणि दोन्हींचा मेळ घालायला आकाशाच्या गोलाला मागे-पुढे झोके घेणारी एक गती कल्पिली. ती कल्पना चुकीची होती, आणि कित्येक शतकं ती ज्योतिषाच्या पुस्तकांत ठाण मांडून राहिली. जुन्या आकड्यावरचा विश्वास सुटायला वेळ लागतो.

बीजगणित त्यांनी शोधलं, की भारतातून आणि ग्रीसमधून घेतलं?

समीकरणं बगदादच्या खूप आधीपासून सुटत होती. मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मीनं 820 च्या सुमारास केलं ते असं, की समीकरणांचे सहा साचे पाडले, प्रत्येकाची रीत सांगितली आणि ती रीत का चालते हे आकृतीनं दाखवलं. पुस्तकाच्या नावात दोन क्रिया आहेत. 'अल्-जब्र', म्हणजे मोडलेलं हाड बसवणं: एका बाजूला वजा झालेलं पद दुसरीकडे भरून समीकरण धड करायचं. आणि 'अल्-मुकाबला', म्हणजे दोन्ही बाजूंना असलेली सारखी पदं समोरासमोर आणून काटायची. आपला 'मुकाबला' हाच शब्द आहे.

त्याचं नेहमीचं उदाहरण असं: एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून 39 होतात, तर संख्या कोणती? तो एक चौरस काढतो, त्याची बाजू म्हणजे ती संख्या. दहापटीचे दोन समान भाग करतो आणि 5 रुंदीच्या दोन पट्ट्या चौरसाच्या दोन शेजारच्या बाजूंना लावतो. हे सगळं मिळून क्षेत्रफळ 39. आता आकृतीच्या एका कोपऱ्यात खाच दिसते, 5 बाय 5 ची. ती 25 नं भरली की पूर्ण मोठा चौरस होतो, क्षेत्रफळ 64. त्याची बाजू 8. त्यातले 5 पट्टीचे, म्हणून मूळ संख्या 3. ताळा: 9 आणि 30 मिळून 39. मुलांना हे कागदाचे तुकडे कापून दाखवावं, सूत्र आपोआप कळतं.

त्यानं ऋण उत्तर मात्र धरलं नाही. याच उदाहरणाला उणे 13 हेही उत्तर चालतं, पण आकृतीत उणे लांबीची बाजू काढणार कशी? ब्रह्मगुप्तानं ऋण संख्यांचे नियम दोन शतकं आधी देऊन ठेवले होते. इथे त्याचा उपयोग झाला नाही, हे मान्य केलंच पाहिजे. पुस्तक कशासाठी होतं हेही बघा: त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीच्या हिशेबांचा आहे. मुलगा, मुलगी, विधवा, शिवाय मृत्युपत्रातलं दान, अशी वाटणी करताना अपूर्णांकांची समीकरणं आपोआप तयार होतात.

वैद्यकात त्यांनी काही नवं केलं, की गेलनच घोकला?

घोकणारे होतेच. पण अल्-राझीसारखे वैद्य पुस्तकाची रुजवात रोग्याशी घेत. राझी तेहरानजवळच्या रय शहराचा. तिथं आणि बगदादमध्ये त्यानं रुग्णालयांचा कारभार पाहिला. देवी आणि गोवर यांवर त्यानं स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि पुरळ येण्याआधी दोन्ही कसे ओळखावेत हे सांगितलं: पाठ जास्त दुखत असेल तर संशय देवीचा, मळमळ, घालमेल आणि अस्वस्थता जास्त असेल तर गोवराचा.

त्याच्या टिपणांतली एक नोंद मला विशेष वाटते. मेंदूज्वरासारख्या 'सिरसाम' या रोगात रक्त काढावं की नाही, यावर वाद होता. राझी लिहितो, की त्यानं रोग्यांच्या एका गटाचं रक्त काढलं आणि दुसऱ्या गटाचं मुद्दाम काढलं नाही, कारण त्याला निष्कर्षाला पोचायचं होतं. पहिला गट वाचला असं तो म्हणतो. आज आपल्याला ठाऊक आहे की रक्त काढून हा रोग बरा होत नाही. त्याचा निष्कर्ष चुकलाच. दोन्ही गटांत किती रोगी होते आणि कुणाला कुठे टाकायचं हे कसं ठरवलं, हे तो सांगत नाही. सौम्य रोगी पहिल्या गटात गेले असतील तर उत्तर तिथेच बिघडलं. पण तुलनेला एक गट तसाच ठेवून बघायची बुद्धी गेलनच्या पानांतून आलेली नव्हती.

गेलनवरच्या शंकांचा त्याचा वेगळा ग्रंथही आहे. ज्याच्याकडून सगळ्यात जास्त शिकलो त्याच्याच चुका दाखवताना वाईट वाटतं, असं तो सुरुवातीलाच म्हणतो.

बगदादचं 'बैत अल्-हिकमा', म्हणजे 'ज्ञानाचं घर', हे विद्यापीठ होतं ना?

तसं दाखवणारा पुरावा फार तुटपुंजा आहे. ते राजवाड्यातलं ग्रंथालय असावं. हुनैन आपल्या लांबलचक पत्रात कोणत्या ग्राहकासाठी काय केलं ते बारकाईनं सांगतो, पण या जागेचं नाव घेत नाही. काम घराघरांत, वैद्यांच्या ओसरीवर आणि आश्रयदात्यांच्या वाड्यांत चालायचं.

1258 मध्ये मंगोलांनी बगदाद जाळलं, तेव्हा सगळं संपलं का?

नाही. शहराचं भयंकर नुकसान झालं, पण तोवर प्रती दमास्कस, कैरो, कॉर्दोबा आणि इराणभर पसरलेल्या होत्या. लगेच पुढच्याच वर्षी, 1259 मध्ये, मंगोलांच्याच आश्रयानं इराणात मरागा इथली वेधशाळा उभी राहू लागली.

मग जपलेलं सगळं आज आपल्याकडे आहे का?

नाही, आणि ही हळहळ राहतेच. गेलनचा तर्कसिद्धतेवरचा एक मोठा ग्रंथ हुनैनला हवा होता. त्यासाठी तो इराक, सीरिया आणि पॅलेस्टाइन पालथं घालत अलेक्झांड्रियापर्यंत गेला, तेव्हा दमास्कसमध्ये त्याला अर्ध्याच्या आसपास सापडला, तोही विस्कळीत. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. भारतीय अंकांवरचं ख्वारिज्मीचं पुस्तक मूळ अरबीत हरवलं, ते लॅटिन रूपातच भेटतं. मंकानं केलेलं सुश्रुताचं भाषांतरही गेलं. पण राझीच्या 'अल्-हावी' या अवाढव्य टिपणसंग्रहात, गेलनच्या उताऱ्यांच्या मध्येच कुठेतरी, 'हिंदी वैद्य सांगतो' अशा धर्तीची दोन-चार वाक्यं येतात आणि त्यांच्याआधी 'सस्रद' आणि 'शरक' अशी नावं लिहिलेली असतात. ते आपले सुश्रुत आणि चरक.